भन्तेजींना मुलं नसतात, मग भन्तेजी संपत कसे नाहीत?

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही कान्हेरीला गेलो होतो, मी, ताई, भावोजी आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी. नॅशनल पार्कच्या गेटपासून बसने वर गेलो आणि मोठं चैत्यगृह बघून झाल्यावर गर्दी नको म्हणून वरच्या अंगाला चढलो, तिकडे छोटी छोटी लेणी आहेत, एक व्हरांडा, आत एक खोली, खोलीत दगडातच कोरलेला ओटा. बाहेर बाजूला पाण्याची पोढी. ओटा एका माणसाला झोपता येईल एवढाच. भाची त्यावर आडवी झाली, हात पसरले तर एक हात बाहेर आणि दुसरा भिंतीला. म्हणाली, मामा, इथे दोघं नाही झोपू शकत.

मी म्हटलं, नाहीच, भन्तेजी एकटेच राहायचे, त्यांना लग्न करायचं नसतं. त्यावर तिने जो प्रश्न विचारला तो ऐकून मी जरा गप्पच झालो. "मग त्यांना मुलं नसतील, तर भन्तेजी संपले कसे नाहीत?"

हा प्रश्न जीवशास्त्रवाल्यांनाही खूप वर्षं पडलेला आहे, आणि अगदी ह्याच शब्दांत. उत्क्रांतीचा हिशोब सरळ असतो, ज्या स्वभावाने पोरं जास्त होतात तो स्वभाव पुढच्या पिढीत जास्त दिसतो, ज्याने होत नाहीत तो हळूहळू गळून जातो. मग आयुष्यभर लग्न नाही, मूल नाही, अशी शपथ घेणारी माणसं अडीच हजार वर्षं टिकली कशी, आणि तीसुद्धा काहीच धर्मांत? आपल्या मुंबईतच बघा ना, वांद्र्याच्या चर्चमधले फादर लग्न करत नाहीत, वाळकेश्वरला दिसणारे जैन साधू-साध्वी करत नाहीत, पण दादरच्या आगियारीतले मोबेद बायकामुलांवाले, मशिदीतले इमाम संसारी, सत्यनारायणाला येणारे गुरुजी संसारी. आणि आमच्याकडे तर एकाच धर्मात दोन्ही आहेत. भन्तेजी चीवरधारी ब्रह्मचारी, पण लग्न लावायला घरी येतात ते बहुतेक वेळा बौद्धाचार्य, पांढऱ्या कपड्यातले, नोकरी करणारे, घरी बायको-पोरं असलेले. माझ्या मावसभावाचं लग्न विक्रोळीत ज्यांनी लावलं ते लग्न लावून झाल्यावर स्वतःच्या मुलीची बारावीची परीक्षा आहे म्हणून न जेवताच निघाले होते.

तेव्हा भाचीला जे धड सांगता आलं नाही ते इथे नीट सांगतो.

सुरुवात तिबेटी लोकांपासून करू, कारण ह्या प्रश्नावर खरोखर घरोघरी जाऊन, मोजदाद करून केलेला एक चांगला अभ्यास तिथला आहे. चीनच्या गान्सू प्रांतात, तिबेटच्या पठाराच्या पूर्व टोकाला आम्दो तिबेटी लोकांची गावं आहेत, याक आणि बकऱ्या पाळायच्या, थोडी शेती करायची. तिथे पूर्वापार पद्धत अशी की घरातला एक मुलगा लहानपणीच मठात द्यायचा, तो आयुष्यभर भिक्षू. जुन्या काळी हे प्रमाण सात मुलांत एक इथपर्यंत होतं, म्हणजे हा काही एखाद-दुसऱ्याचा वेगळा मार्ग नव्हता, गावचा रिवाज होता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या रूथ मेस, आल्बेर्तो मिकेलेत्ती आणि चीनमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 21 गावांतल्या 530 घरांची माहिती गोळा केली, कोणाला किती भाऊ, त्यातला कोण मठात, कोणाकडे किती याक, कोणाला किती मुलं. 2022 साली ते प्रसिद्ध झालं.

निघालं असं की ज्या माणसाचा भाऊ भिक्षू आहे त्याच्याकडे याक जास्त, त्याला मुलंही जास्त, आणि त्याच्या बायकोला पहिलं मूल कमी वयात झालेलं. आजी-आजोबांच्या बाजूने बघितलं तर ज्यांनी एक मुलगा मठात दिला त्यांची नातवंडं कमी झाली नाहीत, उलट जास्त झाली. बहिणींना मात्र असा फायदा जवळपास नाही. आणि हीच गोष्ट सगळ्यात जास्त सांगून जाते, कारण तिथे जमीन आणि जनावरं मुलांत वाटली जातात, म्हणजे वाटणीचं भांडण भावाभावांत असतं, बहीण त्यात नसतेच. एक भाऊ वाटणीतून उठला की फायदा उरलेल्या भावांना होणार, बहिणीला कुठून होणार.

आता थोडं गणित करू, आकडे मी समजण्यासाठी घेतोय, अभ्यासातले नाहीत. समजा घरात आठ याक आणि दोन भाऊ. वाटणी झाली, चार-चार याक, तेवढ्यात प्रत्येकाला दोन मुलं पोसता आली. एकूण नातवंडं चार. आता धाकट्याला मठात पाठवलं, थोरल्याकडे आठच्या आठ याक, त्याचं लग्न लवकर झालं, त्याला पाच मुलं झाली. आई-बापाला नातू हा नातूच, थोरल्याचा काय नि धाकट्याचा काय, रक्ताचं नातं तेवढंच. त्यांच्या हिशोबात चारच्या जागी पाच, म्हणजे फायदा.

पण धाकट्याच्या जागी बसून बघा. स्वतःच्या मुलात आपली जनुकं निम्मी येतात, भावाच्या मुलात, म्हणजे पुतण्यात, त्याच्या निम्मी, पाव हिस्सा. धाकट्याने दोन मुलं सोडली, म्हणजे दोन वेळा अर्धा, पूर्ण एक गेला. बदल्यात भावाला तीन मुलं जास्त झाली, तीन वेळा पाव, पाऊण मिळाला. एक देऊन पाऊण घेतला, तोटा. हा पुतण्या-भाच्यांचा हिशोब विल्यम हॅमिल्टन ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1964 साली मांडला, मधमाश्यांतल्या कामकरी माश्या स्वतः अंडी न घालता राणीच्या पिल्लांसाठी का राबतात हे कोडं त्यातून बरंचसं सुटलं होतं. इथे तोच लावलेला आहे.

म्हणजे एकाच घरात, त्याच आठ याकांवरून, आई-बापाचा फायदा एका बाजूला आणि मुलाचा दुसऱ्या बाजूला. धाकट्याने स्वतःहून जावं असं व्हायला भावाला तीन नाही, चारपेक्षा जास्त मुलं जादा व्हावी लागतील, आई-बापाला मात्र दोनपेक्षा जास्त झाली की पुरे. ह्या अभ्यासकांनी गणिती मॉडेल बनवून हेच तपासलं, की निर्णय मुलाच्या हातात असेल तर ब्रह्मचर्य क्वचित टिकतं, आई-बापाच्या हातात असेल तर खूप जास्त पसरतं. त्यामुळे मठात मुलगा कुठल्या वयात जातो आणि त्याला कोण पाठवतं हा प्रश्न एकदम मधोमध येतो. सात-आठ वर्षांचं पोर स्वतः काय ठरवणार. आणि मोठा झाल्यावर चीवर सोडून परत यायचं तर गावात मान खाली घालावी लागते, म्हणजे परतीची वाट महाग करून ठेवलेली. शपथ जाहीरपणे, सगळ्या गावासमोर, समारंभ करून का घ्यायची तेही ह्यातून कळतं. भाऊ जमीन घेऊन बसला, दहा वर्षांनी हा परत येऊन म्हणाला माझा वाटा दे, तर सगळंच मोडेल.

हे वाचताना मला सारखा सुदिन्न आठवत होता. विनयपिटकात भिक्षूंच्या नियमांतला पहिलाच पाराजिक, म्हणजे जो मोडला की माणूस संघातून कायमचा बाहेर, तो ब्रह्मचर्याचा आहे, आणि तो नियम का झाला ह्याची गोष्ट तिथेच दिलेली आहे. आमच्याकडे विहारात ती सांगतात पण घाईघाईत, संकोचून. मला वाटतं ती हळू वाचली पाहिजे.

वैशालीजवळ कलंद नावाचं गाव, तिथल्या श्रीमंत शेटजींचा सुदिन्न हा एकुलता एक मुलगा, लग्न झालेला, मूल नाही. बुद्धांचं प्रवचन ऐकून त्याला प्रव्रज्या, म्हणजे घर सोडून भिक्षू व्हायची दीक्षा, घ्यायची होती, पण आई-वडिलांची परवानगी असल्याशिवाय मिळणार नाही असं त्याला सांगण्यात आलं. ते देईनात. तो जमिनीवर पडून राहिला, जेवण सोडलं, शेवटी मित्रांनी मध्यस्थी करून आई-बापाला तयार केलं. पुढे काही वर्षांनी वज्जींच्या मुलखात दुष्काळ पडला, भिक्षा मिळेना, तेव्हा तो आपल्या माणसांच्या भागात परत आला. घरची दासी रात्रीची शिळी पेज टाकून द्यायला बाहेर आली होती, ह्याने पात्र पुढे केलं, तिने हात, पाय आणि आवाज यावरून त्याला ओळखलं आणि आत जाऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावलं. आईने सोन्या-नाण्यांचे दोन ढीग लावून ठेवले होते, इतके उंच की अलीकडे उभा असलेला माणूस पलीकडच्याला दिसू नये. बाप म्हणाला, हे तुझ्या आईकडचं धन, हे माझं, हे आजोबांचं, परत ये. तो म्हणाला, पोत्यांत भरा आणि गंगेत टाका. बायकोने विचारलं तरी तो ढळला नाही. मग आईने शेवटची गोष्ट मागितली. परत नको येऊस, पण आम्हाला बीज तरी दे, नाहीतर आपण निपुत्रिक म्हणून वैशालीचे राज्यकर्ते लिच्छवी आपलं सगळं धन घेऊन जातील. आणि हे मात्र सुदिन्नला जमण्यासारखं वाटलं. तेव्हा तसा नियमच नव्हता. मुलगा झाला, त्याचं नाव लोकांनी बीजकच ठेवलं. सुदिन्न पुढे पश्चात्तापाने इतका वाळला की बाकीच्या भिक्षूंना विचारावं लागलं काय झालं, आणि मग तो नियम आला.

बघा, इथे देव नाही, पाप-पुण्याचा उपदेशही नंतर येतो, आधी येते ती इस्टेट. आई वासनेबद्दल बोलतच नाहीये, ती वारसाबद्दल बोलतेय. आणि गान्सूच्या आई-बापांपेक्षा ती बरोबर उलट वागतेय कारण तिची परिस्थिती उलट आहे. चार मुलगे असतील तर एक देणं परवडतं, एकच असेल तर तो गेला की घराणं संपलं. परवानगीचा नियमसुद्धा ह्याच जखमेतून आलाय. बुद्धांच्या मुलाला, राहुलला, घरच्यांना न विचारता प्रव्रज्या दिली तेव्हा त्याचे आजोबा शुद्धोदन म्हणाले, पुत्रप्रेम कातडी कापतं, मांस कापतं, हाड कापतं, मज्जेपर्यंत जातं, ह्यापुढे आई-बापाला विचारल्याशिवाय कोणाच्या मुलाला दीक्षा देऊ नका. ते मान्य झालं आणि आजही दीक्षेच्या वेळी विचारतात, आई-वडिलांची अनुमती आहे का.

आपल्या मराठी मुलखात तर ह्याची सगळ्यात दुखरी गोष्ट प्रत्येकाला पाठ आहे. विठ्ठलपंत काशीला जाऊन संन्यासी झाले, मागे बायको आहे हे गुरूंना नंतर कळलं, त्यांनी परत पाठवलं, मग निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता झाले, आणि आळंदीने त्यांना "संन्याशाची पोरं" म्हणून वाळीत टाकलं. लहानपणी मला कळायचंच नाही की पोरांचा काय दोष. आता कळतं की संन्यास घेतलेला माणूस हिशोबाने मेलेला धरला जायचा, स्वतःचं श्राद्ध स्वतः घालून तो घर, जमीन, वाटा सगळ्यातून बाहेर पडलेला. मेलेल्या माणसाला पोरं झाली तर ती कुठल्या घरात बसवायची, कुठला वाटा द्यायचा, मुंज कोण करणार. त्यांच्यासाठी जागाच नव्हती. अजूनही 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात नवरा किंवा बायको संसार सोडून संन्यास घेत असेल तर ते घटस्फोटाचं कारण म्हणून लिहिलेलं आहे.

बरं, मग मोबेद आणि गुरुजी लग्न का करतात? कारण त्यांचं पद जन्माने येतं. पारशी धर्मगुरू हे पुरोहित घराण्यातलेच असतात, मुलगा लहान वयात अवेस्ता तोंडपाठ करतो, नावर होतो, म्हणजे पुरोहिताची दीक्षा घेतो, मग काम करू शकतो. दादरला पारशी कॉलनीत अशा मुलांसाठी शाळाच आहे. आता विचार करा, जिथे धर्मगुरूचा मुलगाच धर्मगुरू होऊ शकतो तिथे ब्रह्मचर्याचा नियम केला तर एका पिढीत आगियारीतला अग्नी सांभाळायला माणूस उरणार नाही. भाचीचा प्रश्न इथे मात्र शब्दशः खरा ठरेल. वैदिक यज्ञातही यजमानाशेजारी पत्नी लागतेच, सीता वनात होती म्हणून रामाला अश्वमेधाला सोन्याची सीता करून बसवावी लागली. जिथे विद्या बापाकडून मुलाकडे जाते आणि यजमानांची घरंसुद्धा वारशाने मिळतात तिथे पुरोहिताचं घर हीच संस्था, तिला मुलं हवीतच. संघ किंवा चर्च दुसऱ्यांच्या घरची मुलं घेऊन चालतं. भन्तेजी संपत नाहीत कारण भन्तेजी भन्तेजींच्या घरात जन्मत नाहीत, ते आपल्या घरांत जन्मतात.

पण एक गाठ अजून सुटत नाही. ख्रिश्चन धर्मगुरू तर कुठेच जन्माने होत नाही, मग वसईचे कॅथलिक फादर ब्रह्मचारी आणि मुंबईतल्याच मल्याळी ऑर्थोडॉक्स चर्चचे अच्चन लग्न झालेले, असं का? ते ज्या पूर्वेकडच्या परंपरेतले आहेत तिथे साधा पाद्री दीक्षेआधी लग्न करू शकतो, बिशप मात्र ब्रह्मचारीच लागतो. ही बिशप आणि पाद्री यांच्यातली रेघ कुठे मारली ते बघितलं की कारण दिसायला लागतं. सहाव्या शतकात कॉन्स्टॅन्टिनोपलच्या जस्टिनियन बादशहाने कायदा केला की ज्याला मुलं-नातवंडं आहेत त्याला बिशप करू नये, आणि त्यामागे चिंता हीच होती की चर्चला दान आलेली मालमत्ता तो पोरांकडे वळवेल. चर्चच्या तिजोरीची चावी बिशपकडे, गावच्या पाद्रीकडे काय असणार, म्हणून त्याला संसार चालतो. 692 च्या परिषदेने पूर्वेकडे हीच विभागणी पक्की केली.

पश्चिमेला रोमच्या चर्चने ही रेघ खूप खाली ओढली, अगदी गावच्या पाद्रीपर्यंत. उपदेश चौथ्या शतकापासून होता पण शेकडो वर्षं पाद्री लग्न करतच होते, आणि मुलगा बापाची चर्चची जागा, तिची जमीन आपलीच समजायला लागला होता. 1022 साली पाव्हियाच्या सभेत पोप आठवे बेनेडिक्ट यांनी सरळ ठरवलं की चर्चच्या दास वर्गातून पाद्री झालेल्यांची मुलं, आई स्वतंत्र बाई असली तरी, चर्चचे दासच राहतील, त्यांना मालमत्ता नाही. इथेही शिक्षा पोरांनाच, आळंदीसारखी. शेवटी 1139 च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने म्हटलं की पाद्रीने केलेलं लग्न हे लग्नच नव्हे. त्याआधी ते चुकीचं मानायचे पण लग्न होतं, आता ते झालंच नाही असं धरायचं, म्हणजे त्यातून वारस निर्माणच होत नाही. शुद्धतेची तळमळ खोटी होती असं मी अजिबात म्हणत नाही, बायकोजवळ झोपून आल्यावर त्याच हाताने पवित्र भाकरी कशी मोडायची हा प्रश्न त्या लोकांना मनापासून छळत होता. पण तोच प्रश्न पूर्वेच्या पाद्रींनाही होता, आणि त्यांनी पूजेच्या वेळेपुरतं दूर राहून तो सोडवला. आयुष्यभराचा नियम कुठे होतो आणि कुठे नाही हे शुद्धतेवरून सांगता येत नाही, मालमत्ता कोणाच्या ताब्यात आहे त्यावरून बरंच सांगता येतं.

हे खरं की नुसता तर्क, हे कसं ओळखायचं? नियम काढून टाका आणि बघा काय होतं. जपानमध्ये हे झालेलं आहे. 1872 साली मेइजी सरकारने फर्मान काढलं की बौद्ध भिक्षूंनी लग्न केलं, मांस खाल्लं, केस वाढवले तरी सरकारची हरकत नाही. पंथांचे मोठे लोक चिडले, पुष्कळ विरोध केला, पण हळूहळू भिक्षूंची लग्नं होऊ लागली आणि आज तिथलं साधारण गावचं देऊळ बापाकडून मुलाकडे जातं. धर्म तोच, सूत्रं तीच. पद वारशाने जायला लागलं, आणि आता थोरल्या मुलाला देऊळ सांभाळायची इच्छा नसेल तर घरात तोच ताण, जो आपल्याकडे दुकानदाराच्या घरात असतो.

उलटी खूणही आहे. ब्रह्मचर्य असूनही वारसा दुसऱ्या फटीतून गळतो, भाच्या-पुतण्यांकडून. श्रीलंकेत बऱ्याच विहारांचं प्रमुखपद गुरूकडून त्याच्या नात्यातल्या शिष्याकडे, बहुतेक भाच्याकडे, जात आलंय. रोममध्ये पोप आपल्या पुतण्या-भाच्यांना कार्डिनल करायचे, इटालियन भाषेतल्या त्याच शब्दावरून वशिलेबाजीला इंग्रजीत नेपोटिझम म्हणतात, आणि ते थांबवायला 1692 साली वेगळा आदेश काढावा लागला. हॅमिल्टनच्या गणितात पुतण्या पाव असतो, शून्य नसतो.

आता साध्वींबद्दल, कारण वरचं सगळं मुलग्यांचं झालं. जिथे जमीन मुलांना जाते तिथे मुलीच्या लग्नाचा खर्च हुंड्याचा असतो. सोळाव्या-सतराव्या शतकात व्हेनिसच्या सरदार घराण्यांत हुंडे इतके वाढले की एका मुलीच्या हुंड्यात घर खाली बसायचं. कॉन्व्हेंटलाही हुंडा द्यावा लागे पण तो लग्नाच्या हुंड्याच्या मानाने फारच कमी, म्हणून एकीचं लग्न लावायचं आणि बाकीच्या नन. आर्कांजेला ताराबोत्ती नावाची मुलगी, जन्म 1604, बापासारखी पायाने अधू, तिला असंच लहान वयात कॉन्व्हेंटमध्ये घातलं. ती तिथेच वारली, पण आयुष्यभर तिने लिहिलं की बाप पैसे वाचवायला मुलींना देवाला वाहतात आणि त्याला भक्ती म्हणतात. मला ती ह्यासाठी महत्त्वाची वाटते की जे आपण आठ याकांच्या गणितात धाकट्याचा पाऊण म्हणून मोजलं ते तिने आतून भोगून लिहून ठेवलंय. पण तिच्यावरून आपल्याकडच्या प्रत्येक साध्वीबद्दल तसंच म्हणता येणार नाही, जैनांत साधूंपेक्षा साध्वी जास्त आहेत, आणि त्यात श्रीमंत घरातल्या, शिकलेल्या, स्वतः हट्टाने दीक्षा घेतलेल्याही आहेत.

आणि इथेच ह्या सगळ्या गणिताची हद्द येते. ते गावाबद्दल, रिवाजाबद्दल बोलतं, एका माणसाच्या मनाबद्दल नाही. गान्सूच्या आकड्यांतून भाऊ भिक्षू असणं आणि याक जास्त असणं हे बरोबर जातं एवढं दिसतं, आधीच बरी परिस्थिती असलेली घरं मुलगा मठात देत असतील ही शंका पूर्ण जात नाही. शिवाय जो भिक्षू होतो तो पुतण्यांची बेरीज करून होत नाही. सुदिन्नने तर दोन ढीग गंगेत टाका म्हटलं होतं आणि ते तो मनापासून बोलला होता. रिवाज टिकतो की नाही हे घराचा हिशोब ठरवतो, माणूस कशासाठी जातो हे त्याचं तो ठरवतो, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. आता घरटी एक-दोन मुलं झाल्यावर मात्र प्रत्येक आई सुदिन्नच्या आईच्या जागी आलीय. आमच्याकडे दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिराला मुलं हौसेने जातात, आया मुंडण केलेल्या डोक्यावर हात फिरवून फोटो काढतात, आणि अकराव्या दिवशी न्यायला गेटवर उभ्या असतात.

भाचीला त्या दिवशी मी सुदिन्नची गोष्ट जमेल तशी सांगितली, खाली उतरता उतरता. तिला फक्त एकच जाणून घ्यायचं होतं, की मग त्या बीजकचं काय झालं, त्याला ते सगळं सोनं मिळालं का. मला तेव्हा आठवेना, घरी येऊन काढून बघितलं. विनयात एकच ओळ आहे. पुढे बीजक आणि त्याची आई, दोघांनीही घर सोडून प्रव्रज्या घेतली आणि दोघंही अर्हत झाली. सोन्याचं पुढे काय झालं ते तिथे लिहिलेलं नाही.